निकालाच्या नाटुकल्यात बापाने शेवटी माफी मागावी का?

गच्चीवरची :
आमच्या सोसायटीच्या गणपतीत वीस मिनिटांचं नाटुकलं बसवतोय, मीच लिहिलंय. दहावीचा निकाल, दुपारी एक वाजता मोबाइलवर मार्क दिसतात. ऋचाला 83 टक्के, बाबांना नव्वदच्या वर हवे होते. भांडण होतं, आजी मध्ये पडते. शेवटी ऋचाचं स्वगत, आणि बाबा हात जोडून माफी मागतात. मधला तुकडा असा :

बाबा : सहाही विषयांची बेरीज कर. चारशे शहात्तर. भागिले सहाशे. किती?
ऋचा : बोर्ड बेस्ट ऑफ फाइव्ह धरतं, बाबा. 415. म्हणजे 83.
बाबा : गणित वगळून! एकसष्ट पडले म्हणून वगळायचं. खरे टक्के 79.33.
आई : अहो, मार्कशीटवर 83 च छापलंय.
बाबा : मार्कशीट लोकांना दाखवायला असते.

तालमीत दोन तट पडलेत. बाबांचं काम करणारे काका म्हणतात, हा माणूस माफी मागणारच नाही. ठेवू की काढू?

खडूवाले सर :
माफी ठेवा. समोर पोरं बसलेली असतात, त्यांनी एकदा तरी बापाला चूक कबूल करताना बघायला हवं. घरी बघायला मिळत नाही म्हणून तर मंचावर दाखवायचं. मी बावीस वर्षं दहावीला शिकवतोय. निकालानंतर शाळेत येणारे पालक टक्के विचारत नाहीत, शेजारच्याचे टक्के विचारतात.

दोन दुरुस्त्या. निकालाच्या दिवशी हातात मार्कशीट नसते, संकेतस्थळावरची प्रिंट असते. मूळ मार्कशीट शाळेतून नंतर मिळते, त्यामुळे आईचं वाक्य बदला. दुसरं, गणितात 61 असलेल्या मुलीला चांगल्या कॉलेजात सायन्स मिळणारच नाही, तेव्हा बाबा कशासाठी भांडतोय ते कळत नाही.

विंगेतला :
सर, मार्कशीटचं बरोबर, पण सायन्सचं नाही. अकरावीच्या गुणवत्ता यादीला पाच विषयांची बेरीज लागते, गणिताचे मार्क वेगळे काढून कोणी बघत नाही. 415 ला जे कॉलेज मिळायचं ते मिळेल, गणितात 61 असोत की 81. गणित आडवं येतं ते पुढे, बारावीला आणि सीईटीला. आणि तुमच्या नाटकाचा जीव इथेच आहे, गच्चीवरची, तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मला माफीचा प्रश्न दुय्यम वाटतो. आत्ता तुमच्या भांडणात कोणाला काही ठरवायचंच नाहीये. मार्क पडलेले आहेत, ते ओरडून वाढत नाहीत. म्हणून बाबा तेच तेच बोलतो, ऋचा तेच तेच उत्तर देते, आणि थांबवायला आजीला आणावं लागतं. आजी मध्ये पडते तेव्हा समजायचं की लेखकाला पुढचं सुचलेलं नाही. मग शेवटाला वजन यावं म्हणून माफी. हौशी एकांकिकांमध्ये हे मी सारखं बघतो.

निकालाचा दिवस सोडून द्या. 2025 ला दहावीचा निकाल 13 मे ला लागला आणि अकरावीचे अर्ज मेअखेरीस सुरू झाले. मधल्या दिवसांत पेढे संपतात, फोन थांबतात, घर वरवर शांत होतं. नाटक अर्ज भरायच्या शेवटच्या संध्याकाळी सुरू करा. सहा वाजता मुदत संपते. पडदा उघडतो तेव्हा पावणेसहा झालेत. टेबलावर लॅपटॉप, पसंतीक्रमाचा रकाना उघडा. दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात, पण पहिल्या पसंतीचं लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पहिल्या ओळीत कोणतं कॉलेज आणि कोणती शाखा, यावर मुलीची दोन वर्षं ठरणार. आता भांडायला कारण आहे, घड्याळ आहे आणि मंचावर करायला एक कृती आहे : फॉर्म कोण लॉक करतो.

लातूरकर :
ताई, माझ्या मुलालाही दोन वर्षांपूर्वी असेच मार्क होते. आम्ही ऐकलं नाही, सायन्सला घातलं, खोली करून दिली, डबा लावला. पहिली सहामाही गेली तेव्हा तो फोनवर बोलेनासा झाला. शेवटी बारावी कॉमर्समधून केली. तुमच्या मुलीला आर्ट्स घेऊ द्या, मी अनुभवाने सांगतो. 83 ला चांगलं कॉलेज मिळेल, फक्त कोट्याची फेरी आधी बघून घ्या.

गच्चीवरची :
लातूरकर, ऋचा नाटकातली आहे, माझी मुलगी चौथीत आहे. पण मुलगा फोनवर बोलेनासा झाला हे वाचून गलबललं. तो आता बरा आहे ना?

विंगेतला, मुदतीचं पटतंय. पण बेरजेवरचं भांडण लोकांना फार आवडलंय, ते गेलं तर नाटक कोरडं होईल.

विंगेतला :
बेरीज घालवू नका, उशिरा आणा. पहिल्या पाच मिनिटांत बाबा 79.33 वर अडून बसतो, तो प्रसंग तसाच राहू द्या. पंधरा दिवस झाले तरी तो तेच बोलतोय, यानेच माणूस कळतो. मग तो फॉर्म भरायला बसतो आणि तिथे 415 दिसतात. त्यावर ऋचा :

ऋचा : हे काय टाकलंत?
बाबा : सायन्स. पहिल्या पसंतीला.
ऋचा : कशाच्या जोरावर?
बाबा : चारशे पंधरा आहेत. मिळेल.
ऋचा : कॉलेज घ्यायला चारशे पंधरा. आणि मला बोलायला सहाशेने भागायचं?

(बाबा माउसवरचा हात काढत नाही.)

इथे प्रेक्षक तिच्या बाजूला जातो आणि तिला स्वगताची गरज उरत नाही. तुमच्या स्वगतात जे दीड पान आहे ते या एका प्रश्नात आलंय. स्वगत काढा.

आणि बाबाला भूतकाळ देऊ नका. 'मला इंजिनिअर व्हायचं होतं, घरच्या परिस्थितीमुळे राहिलं' हे वाक्य त्याच्या तोंडी आलं की त्याची चूक आपोआप माफ होते. त्याला आजची अडचण द्या. बोर्डाची परीक्षा संपली त्याच महिन्यात, निकालाच्या आधीच, त्याने दोन वर्षांच्या सीईटीच्या क्लासचा पहिला हप्ता भरलाय, चाळीस हजार, आणि ते पैसे परत मिळत नाहीत. ही पावती बाराव्या-तेराव्या मिनिटाला निघू द्या. ती ऋचाला सापडू नये, आईने काढून ठेवावी. कारण आईला ते माहीत होतं. आत्तापर्यंत 'अहो, 83 च आहेत' म्हणणारी आई एकदम बाबाच्या बाजूला जाते, आणि ऋचा घरात एकटी पडते. भांडण बदललं पाहिजे, नुसतं वाढून चालत नाही.

खडूवाले सर :
गणिताबद्दल तुमचं मान्य. पण आईला दोषी करू नका. आधीच आपल्याकडे मुलांचं काही बिनसलं की आईचंच नाव पुढे येतं. आणि माफीचं तुम्ही टाळलंत.

पाट्यावरची पुरणपोळी :
सरांशी अर्धी सहमत. आईला पावती माहीत असणं खरं आहे, आमच्या घरीही पैशाचं आधी आईलाच कळतं. तिला दोषी वाटू द्यायचं नसेल तर तिला एक वाक्य द्या : 'हप्ता भरताना मी नाही म्हणायला हवं होतं, पण तेव्हा तूच इंजिनिअर व्हायचं म्हणत होतीस.' यात ऋचाचाही थोडा वाटा येतो. सोळा वर्षांच्या मुलीचं मत मार्चपासून जूनपर्यंत बदलू शकतं, यात तिचा गुन्हा नाही. पण घराने पैसे टाकलेले असतात. मुलगी पूर्ण निर्दोष असली की नाटक भाषण होतं.

माफी मात्र काढा. हात जोडणारा बाबा मला खोटा वाटतो. आमच्या वडिलांनी आयुष्यात 'चुकलं' म्हटलं नाही. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सायकलला तेल घालून ठेवायचे.

विंगेतला :
हेच म्हणतो. सहाला दोन मिनिटं असताना बाबाने उठून लॅपटॉप ऋचाकडे सरकवावा. एक शब्द नाही. ती पहिली ओळ बदलते की नाही हे दाखवायचं नाही. अंधार.

साउंडवाला :
मी गणपतीत मंडळांना माइक लावतो, म्हणून बोलतो. असले शेवट स्पर्धेच्या नाट्यगृहात चालतात. सोसायटीच्या मांडवात दोन उभे माइक असतात, तिसरा वर टांगलेला, आणि त्यात निम्मा आवाज पंख्याचा. पाचव्या रांगेच्या मागे लॅपटॉप इकडून तिकडे सरकला हे कोणाला दिसत नाही, लोक समजतात लाइट गेली. शब्द न बोलता संपणारी तीन नाटुकली माझ्यासमोर पडली आहेत. लोकांनी टाळ्याच वाजवल्या नाहीत, कारण संपलं हेच कळलं नाही.

मोठ्या कागदावर पसंतीक्रम लिहा, मुलगी मोठ्याने वाचून दाखवेल. किंवा बाबाला एक वाक्य द्या. ते माफीचं असो नसो, माइकजवळ येऊन बोललं पाहिजे.

खडूवाले सर :
बघा! मग माफीच का नको? हात जोडू नका, पण 'मी सहाशेने भागत बसलो, चुकलं' एवढं म्हणायला काय जातं? सायकलला तेल घालणारे वडील मला ठाऊक आहेत, मीही त्यातलाच. तेल घातलं याचा अर्थ पोराला तेव्हा कळत नाही, चाळिशीत कळतो. समोर बसलेली पोरं पंधरा वर्षांची आहेत.

पाट्यावरची पुरणपोळी :
सर, हे मनाला लागलं. तरी मी म्हणेन, 'चुकलं' हा शब्द काकांच्या तोंडून खरा येणार नसेल तर प्रेक्षकांना तेही कळतं. काका तयार नाहीत असं ताईंनी पहिल्याच निरोपात लिहिलंय.

विंगेतला :
साउंडवाल्यांचं मला मान्य, मांडव डोळ्यांसमोर ठेवून मी विचार केला नव्हता. मग लॅपटॉप सरकवताना बाबा एवढंच म्हणेल : 'चारशे पंधरा आहेत तुझे. तूच भर.' आकडा त्याने बदलला, यातच सगळं आलं. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल. 'चुकलं' घालू नये या मतावर मी ठाम आहे.

खडूवाले सर :
आणि मी घालावं या मतावर. वाक्य छान आहे, पण त्यात मुलीला परवानगी मिळते. मला तिला कबुली मिळायला हवी आहे.

गच्चीवरची :
निकालाचा दिवस काढला, पावती घातली, आईचं वाक्य घेतलं. आजीला अजून घरात ठेवलंय, कारण आजी करणाऱ्या बाईंना नाही म्हणणं मला जमणार नाही, पण ती आता मध्ये पडत नाही, फक्त वेळ सांगते : पावणेसहा, सहाला दहा कमी, सहाला पाच कमी. त्याने तालमीत ताण फार चांगला येतोय.

शेवटाचं काकांना दोन्ही वाचून दाखवलं. 'तूच भर' त्यांनी लगेच घेतलं. सरांचं वाक्य त्यांनी मनातल्या मनात वाचलं आणि कागद परत दिला. रविवारच्या तालमीला सोसायटीतल्या दहावीच्या मुलांना बोलावलंय, दोन्ही शेवट करून दाखवणार आहोत. विंगेतला, पावती काढताना ऋचाची पाठ प्रेक्षकांकडे होते, टेबल डावीकडे घेऊ का?

विंगेतला :
टेबल हलवू नका, आईला उजवीकडून आणा. पावती डब्यात ठेवा, पर्समध्ये नको. डब्याचं झाकण माइकवर ऐकू येतं.