जुळणी 0.90 च्या वर गेली की नोंदी आपोआप मर्ज कराव्यात का?

धागाकर्ता
आमच्या हॉस्पिटलात ओपीडीचं सॉफ्टवेअर वेगळं, लॅबचं वेगळं. रोज रात्री सिंक होतं आणि एकच पेशंट दोनदा येतो. नाव आणि पत्ता जोडून जारो-विंकलरने तुलना करतोय. 0.90 च्या वर आपोआप मर्ज करा, हाताने बघत बसायला माणसं नाहीत, असं मॅनेजर म्हणतात. तुमचं मत?

घाईत_असलेला
करून टाका. भीती वाटत असेल तर 0.93 ठेवा. जोडीला साउंडेक्स लावा, म्हणजे स्पेलिंगच्या चुका पकडल्या जातील. शंभर टक्के बरोबर काहीच नसतं, पण रोज दुहेरी नोंदी साचणं त्याहून वाईट.

जुनी_खोड
0.93 ने काय होतं ते बघा. पहिली जोडी सख्ख्या भावांची, दुसऱ्या जोडीत माणूस एकच.

```
sanjay ramesh kulkarni | sanjeev ramesh kulkarni   0.94
sanjay ramesh kulkarni | s r kulkarni              0.75
```

म्हणजे भाऊ मर्ज होणार आणि खरा डुप्लिकेट सुटणार. कारण साधं आहे. आपल्या नावात वडिलांचं नाव आणि आडनाव सख्ख्या भावंडांचं सारखंच. पत्ता जोडलात की सारखेपणा आणखी वाढतो. लांबलचक ओळीत वेगळी असतात ती दोन-तीन अक्षरं, आणि नेमकी तीच माणूस ठरवतात. उंबरठा कितीही सरकवा, हा क्रम उलटत नाही.

साउंडेक्सबद्दल: तो पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतो. `Vaidya` चा कोड `V300`, `Waidya` चा `W300`. आपल्याकडे ‘व’ दोन्ही तऱ्हांनी लिहितात, तिथेच तो फसतो.

घाईत_असलेला
मग तुकडे पाडा. नाव, वडील, आडनाव वेगळं मोजा आणि सरासरी घ्या. झालं!

जुनी_खोड
तुकडे पाडा हे बरोबर, सरासरी नको. `sanjay` आणि `sanjeev` 0.85, बाकी दोन्ही 1. सरासरी 0.95, म्हणजे आधीपेक्षाही जास्त. पहिलं नाव स्वतःच्या जोरावर पास झालं पाहिजे. आद्याक्षर असेल तर ते बाजूनेही धरू नका, विरोधातही नको. मग जन्मतारखेकडे बघा. शिवाय तुमच्या यादीत कुलकर्णी शेकड्यांनी असतील, तर आडनाव जुळण्याला वजन कमी, दुर्मीळ आडनावाला जास्त. पत्त्यातून फ्लॅटचा नंबर वेगळा काढा आणि तो तंतोतंत जुळवा. ‘फ्लॅट 4’ आणि ‘फ्लॅट 14’ यांत एका आकड्याचा फरक आहे, पण घरं दोन आहेत.

एक्सेलवाली
एक्सेलमध्ये रिमूव्ह डुप्लिकेट्स असतं की, ते का नाही वापरत?

जुनी_खोड
ताई, ते तंतोतंत सारख्या ओळीच काढतं. इथे सारख्या ओळी नाहीत, हीच तर कटकट आहे.

काउंटरवरून
मी अशाच एका ठिकाणी रजिस्ट्रेशनला बसते. दोन गोष्टी सांगते. लग्न झालेल्या बायका लॅबमध्ये माहेरचं नाव सांगतात आणि ओपीडीत सासरचं, कधी उलटंही. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, पत्ता बदलतो. राहतं फक्त पहिलं नाव आणि जन्मतारीख. आणि जन्मतारखेवरही फार विसंबू नका. पेशंट नुसतं वय सांगतो, मग आमचं सॉफ्टवेअर 1 जानेवारी टाकतं. मोबाइल तर मुलाचा असतो, आई-बाबा दोघांच्या नोंदीवर तोच.

जुनी_खोड
हे सोन्यासारखं आहे. धागाकर्ते, तुमच्याकडे 1 जानेवारीच्या किती नोंदी आहेत ते आधी मोजा. इतर तारखांच्या कितीतरी पट असतील, तर त्या नोंदींत फक्त साल धरा, तेही एक-दोन वर्षं इकडेतिकडे.

आणि मर्ज म्हणून दुसरी ओळ पुसू नका. लॅबचा आयडी पुसलात की उद्या रात्रीच्या सिंकला तो नवीन पेशंट वाटतो आणि नोंद पुन्हा उगवते. दोन्ही ओळी राहू द्या, वेगळ्या टेबलात ‘हा लॅब आयडी म्हणजे हा ओपीडी आयडी’ एवढंच लिहा, कोणी आणि कधी जोडलं तेही. चुकलं तर ती एक ओळ काढायची. पुसलेल्या दोन भावांचे रक्ताचे रिपोर्ट पुन्हा वेगळे करायला बसलो होतो एकदा, त्यात आठवडा गेला.

धागाकर्ता
जोडणीचं टेबल करतो. पण हाताने तपासायचं कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

घाईत_असलेला
तेच म्हणतोय. तपासणीची रांग कोणी बघत नसेल तर महिनाभरात ती कचराकुंडी होते. त्यापेक्षा चूक झाली तर उलटवता येतेय ना, मग आपोआप जोडा.

काउंटरवरून
तोपर्यंत डॉक्टरांनी भावाचा रिपोर्ट बघून औषध लिहिलं असेल तर ते कसं उलटवणार? त्यापेक्षा संशयित जोडी आमच्या स्क्रीनवर दाखवा. पेशंट समोर उभा असतो, विचारायला दहा सेकंद लागतात.

धागाकर्ता
हे जमेल. फक्त जे परत येतच नाहीत, त्यांचं काय करायचं ते कळत नाही.