आधी गप्प बसून कागदावर लिहायचं आणि मग बोलायचं: फाउंड्रीत चालतं का हे?

शिरोली_क्वालिटी: ग्रे आयर्नच्या फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दर पावसाळ्यात पंप बॉडीला ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली भोकं, वाढतात, मीटिंग बसते, मॅनेजर साहेब पहिल्याच मिनिटाला "वाळूत ओल जास्त झाली" म्हणतात आणि बाकीचे माना हलवून चहा पितात. ब्रेनरायटिंग करून बघावं असं डोक्यात आहे. शॉपफ्लोअरवर कुणी केलंय का, की हे पुण्यातल्या ऑफिसांचं फॅड आहे?

पेठेतला_गडी: फॅडच आहे भावा. ब्लो होल कागदावर सापडत नसतोय, कास्टिंग फोडून बघितल्यावर सापडतोय. आणि आपल्याकडं माणूस बोलला की दुसरा त्याला आडवा जातो, त्यातनंच खरं काय ते बाहेर पडतंय. सगळ्यांना परीक्षेला बसवल्यासारखं गप्प बसवलं तर कोण काय लिहिणार? जो मान हलवतोय तो कागदावर पण "वाळूत ओल जास्त" असंच लिहिणार, लिहून घ्या.

ट्रेनिंगवाली: मी करते हे ट्रेनिंगमध्ये, मस्त चालतं. सहा-तीन-पाच म्हणतात, सहा माणसं, प्रत्येकी तीन आयडिया, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याला. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात 108 आयडिया हातात! लाजाळू लोकांसाठी तर बेस्ट, कारण नाव नसतं आणि कुणाला घाबरायचं कारण नसतं. दादा, डोळे झाकून करा.

उद्यमनगर_काका: ताई, पद्धत बरोबर सांगितलीत. जर्मनीत बर्न्ड रोरबाखनं 1968 साली मांडली ती. पण 108 हा आकडा सगळ्यांनी सगळे रकाने भरले तरच, आणि त्यात निम्मं एकसारखं निघतं. आणि लाजाळूपणाचं म्हणाल तर ते अर्धंच खरं आहे. 1958 साली येल विद्यापीठात टेलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चौघांना एकत्र बसवून आयडिया काढायला लावल्या आणि दुसरीकडं एकएकट्या बसलेल्या चौघांच्या आयडिया नंतर एकत्र केल्या. एकएकट्यांच्या जवळपास दुप्पट भरल्या. पुढं 1987 साली डील आणि श्ट्रोबे यांनी कारण शोधलं, तर भीतीपेक्षा मोठं कारण निघालं पाळी. एका वेळी एकच बोलतो, बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता डोक्यात आलेलं निसटून जातं नाहीतर "आता ते जुनं झालं" म्हणून गिळलं जातं. म्हणजे धीट माणसाचंही नुकसान होतं, फक्त मुखदुर्बळाचं नाही. कागदावर सगळे एकदम लिहितात, एवढाच काय तो फायदा आणि तो मोठा आहे.

आता क्वालिटीवाल्या दादांसाठी. जुन्या कारखान्यात आम्ही नेमकं याच रोगावर केलं होतं म्हणून सांगतो. पहिल्या खेपेला कागदावर वर लिहिलं "ब्लो होल का येतात?" आणि परत आलं ते सगळं पुस्तकातलं, ओल, व्हेंटिंग, पोअरिंग टेंपरेचर. गडीनं म्हटलं तसंच झालं, पण दोष प्रश्नाचा होता. दुसऱ्यांदा प्रश्न असा लिहिला: "पंप बॉडीच्या वरच्या फ्लँजला, कोरच्या अंगाला, पावसाळ्यातच ब्लो होल जास्त का, तुम्ही स्वतः काय बघितलं?" बाकीच्यांसाठी सांगतो, कोर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखायला साच्यात ठेवतात तो वाळूचा आकार. बसवले ते सहा वेगळ्या जागचे, वाळू, मोल्डिंग, कोर, भट्टी, कास्टिंग साफ करणारं फेटलिंग आणि क्वालिटी.

एक कागद कसा भरला ते सांगतो. कोरशॉपच्या पोरानं लिहिलं, सीओटू कोर सुट्टीच्या आदल्या दिवशी जास्त करून ठेवतो, ते रॅकवर पडून असतात. कागद मोल्डिंगवाल्याकडं गेला, त्यानं खाली लिहिलं, ती रॅक दाराजवळ आहे, पावसाचं वारं सरळ तिच्यावर येतं. फेटलिंगवाल्यानं ते दोन्ही वाचून लिहिलं, खराब माल सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचा जास्त असतो, मी गोळा करताना बघतो. तिघांकडं एकेक तुकडा होता आणि मीटिंगमध्ये एकानंही कधी तोंड उघडलं नव्हतं. उघडलं असतं तरी "कोर रॅकवर पडून असतात" या एका वाक्याला कुणी भीक घातली नसती, कारण एकटं ते काहीच सांगत नाही.

तुमच्या साहेबांच्या वाळूचं म्हणाल तर आमच्या वाळूची ओल रोज मोजली जायची, साडेतीन टक्क्यांच्या आसपास, ठरलेल्या मर्यादेत. पण कोर हवेतली ओल पितो हे कुणी मोजतच नव्हतं. सीओटू कोर सिलिकेटचा असतो, तो पावसाळी हवेत राहिला की ओल धरतो, धातू पडला की त्याची वाफ, आणि ती बाहेर पडायच्या आधी धातू आळला की झाला ब्लो होल.

पेठेतला_गडी: काका, पॉइंट आहे. पण हे त्या तिघांना घेऊन कॅन्टीनमध्ये बसला असता तरी निघालं असतं की. कागदाचं कौतुक कशाला?

उद्यमनगर_काका: निघालं असतं, जर तिघं कधी एकत्र बसले असते आणि तिथं साहेब नसते. तशी वेळ मी तरी बघितली नाही.

आणि पुढचं ऐका, कारण तिथं तुमचं खरं ठरतं. त्याच कागदावर भट्टीवाल्यानं लिहिलं होतं की सुट्टीनंतर पहिल्या हीटला लॅडल, म्हणजे धातू ओतायचं भांडं, नीट तापवत नाहीत, अस्तरात ओल राहते. आता सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कोर पण शिळे आणि लॅडल पण ओली, मग दोष कुणाचा? हे कागद सांगत नाही. तिथं बोलावंच लागलं, भांडण पण झालं. शेवटी ठरलं, एकाच दिवशी, एकाच लॅडलमधनं, निम्म्या साच्यांत ओव्हनमध्ये वाळवलेले कोर आणि निम्म्यांत रॅकवरचे, आणि साच्यांवर खूण. लॅडलचा दोष असता तर दोन्हींत सारखा पसरला असता, कोर नसलेल्या कास्टिंगलाही आला असता. आमच्याकडं रॅकवरच्या कोरांच्या मालात, तेही कोरच्या अंगालाच जास्त निघाला. वाळवलेल्यांत पूर्ण गेला असं नाही, थोडा राहिलाच, त्याचं कारण वेगळं असणार आणि ते मी असेपर्यंत सापडलं नाही.

मंडळाचा_सेक्रेटरी: आमच्या तालीम मंडळात पण हे करतो. गणपतीचा देखावा कोणता करायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो, ज्याच्या चिठ्ठ्या जास्त तो देखावा. कुणाची दादागिरी चालत नाही. तुम्ही पण ब्लो होलचं कारण चिठ्ठीनं ठरवा, लोकशाही आहे.

शिरोली_क्वालिटी: सेक्रेटरी साहेब, ते मतदान झालं. ब्लो होलचं कारण बहुमतानं निघत असतं तर आमच्या साहेबांचीच वाळू निवडून आली असती 😄

साच्यावरचा: मी मोल्डिंगला आहे, नाव सांगत नाही. तुमी सगळी शिकलेली माणसं बोलालाय म्हणून लिवतोय. आमच्या लाइनवर निम्मी पोरं बिहार ओडिशाची, काही सीमेपलीकडची कानडी बोलणारी, मराठीत लिवणार कोण? जे मराठी हायत त्यांचं पण लिवायचं म्हटलं की हात थरथरतो, साचा मारायला सांगा, हातानं दाबून वाळू सांगतील कशी आहे ते. कागद दिला की बोलका माणूस बाजूला जातो खरा पण मग लिवणारा माणूस डोक्यावर बसतो, फरक काय पडला? आणि ट्रेनिंगवाल्या ताई म्हणतात नाव नसतं म्हणून. सहा जणांत अक्षर ओळखू येत न्हाई होय? वर कागद शेजाऱ्यालाच द्यायचा म्हणजे कुणी लिवलं ते त्याच्या डोळ्यासमोरच. सुपरवायझरच्या चुकीचं एकदा लिवलं आणि त्यानं ओळखलं तर ओव्हरटाइम गेला बघा.

ट्रेनिंगवाली: अक्षराचा मुद्दा मान्य. आमच्या ट्रेनिंगला सगळे ऑफिसचेच असतात त्यामुळे हे कधी जाणवलं नाही. कागद हातोहात न देता मधे टेबलावर टाकायचे आणि आपला टाकून दुसरा कुठलाही उचलायचा, असं पण करतात. त्यात कुणाचा कागद कुणाकडे ते लगेच कळत नाही. पण अक्षर राहतंच.

उद्यमनगर_काका: साच्यावरच्या दादांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात जड आहे आणि माझ्याकडं त्याला पुरं उत्तर नाही. आम्ही कास्टिंगचा मोठा नकाशा छापून दिला होता, कुठं भोक दिसतं तिथं फुली मारा आणि कधी दिसतं ते शिफ्टचा आकडा घाला. फुली मारायला भाषा लागत नाही. पण "का" विचारलं की भाषा लागतेच. लिहून घ्यायला माणूस बसवला तर तो आपल्याला पटेल तेवढंच उतरवतो, कोरशॉपच्या पोराचं पहिलं वाक्य तसंच गळलं असतं. सुपरवायझरला त्या गटात बसवू नका, त्याचा वेगळा गट करा, एवढं मात्र नक्की करता येतं.

अजून एक जागा सांभाळा दादा. लिहून झालं की कागद वाचून दाखवतो कोण आणि "हे सगळं एकच आहे" म्हणून एकत्र करतो कोण? साहेबांनी ते काम घेतलं की सगळे कागद वाळूच्या ढिगात जाणार. जास्त आयडिया निघाल्या म्हणजे त्यातली चांगली निवडली जाते असं पण नाही, 2006 साली रीटशेल, नाइश्टाड आणि श्ट्रोबे यांनी हेच तपासलं होतं, एकएकट्यांनी जास्त आणि वेगळ्या आयडिया काढल्या पण निवडताना ते गटापेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणून निवडायच्या आधी विचारा, हे उद्या तपासायचं कसं? ज्याला तपासणी सुचत नाही तो कागद बाजूला ठेवा, फेकू नका.

पेठेतला_गडी: म्हणजे शेवटी बोलावंच लागतंय. मी काय वेगळं सांगत होतो?

उद्यमनगर_काका: बोलावं लागतंच हो. पण आधी लिहिलेलं असलं की साहेबांनी पहिल्या मिनिटाला काहीही म्हटलं तरी टेबलावर सहा कागद पडलेले असतात. तुमच्या पद्धतीत ते नसतात.

पेठेतला_गडी: साहेब कागद बघून पण वाळूच म्हणतील, पैज.

शिरोली_क्वालिटी: असं करतो. प्रश्न काकांच्या धर्तीवर लिहितो, नकाशा लावतो, फेरीला पाच ऐवजी आठ मिनिटं देतो कारण शेवटच्या फेऱ्यांत आधीचं वाचायलाच वेळ जाणार. साहेबांना सांगणार आहे की तुम्ही पण लिहा पण वेगळ्या खोलीत. ते कितपत पटेल माहीत नाही. भाषेचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये, हिंदीत लिहायला सांगितलं तर ओडिशाची पोरं तशीच राहतात.

साच्यावरचा: हिंदीत बोलतील, लिवणार न्हाईत. त्यांना रॅकजवळ उभं करून विचारा, कागद घेऊन बसवू नका. आणि इचारताना साहेब तिथं नकोत.