मदत हवी आहे: आईची कॉफी, थायरॉईडची गोळी आणि रात्रीची झोप

माझी आई ७६ वर्षांची असून दिवसातून तीन कप कॉफी घेते, त्यातला शेवटचा संध्याकाळी सहाला. शरीरातले निम्मे कॅफिन ओसरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराला ती अंथरुणावर पडते तेव्हाही त्या कपाचा अर्धा अंमल शिल्लक असतो. झोप लागत नाही, रात्री दोनदा लघवीला उठावे लागते, आणि परवा न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी तिचा तोल गेला. दाराची कडी हाताला लागली म्हणून निभावले.

शिवाय थायरॉईडची गोळी ती सकाळच्या कॉफीबरोबरच घेत होती, हे मला आत्ता कळले. कॉफीमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून आता गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर आणि कॉफी तासाभराने देते. सहा आठवड्यांनी टीएसएच तपासून डॉक्टरांना दाखवणार आहे.

दुपारी बारानंतर कॉफी बंद करून दोनच कप ठेवावेत, असे मला वाटते. एकदम सोडल्यास तिचे डोके दुखते, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांचा संध्याकाळचा कप आपण कसा कमी केला, आणि किती दिवसांत, हे कृपया सांगावे.