सचिव बदलले, सूचनेत काय लिहावं?

महालकर: आमच्या वाचनालयाच्या सचिवांनी राजीनामा दिला. लेखापरीक्षकांनी दोन बिलांवर शेरा मारलाय, चौकशी अजून व्हायची आहे. फलकावर आणि सभासदांच्या ग्रुपवर टाकायला अध्यक्षांनी हा मसुदा दिला: 'गेल्या काही महिन्यांतील घडामोडी पाहता सचिवांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले आहे. याचा लेखापरीक्षणाशी काहीही संबंध नाही. नव्या सचिवांमुळे कारभार आता पारदर्शक होईल.' मला हे खटकतं, पण नेमकं काय बदलू?

धंतोलीची सभासद: तिन्ही वाक्यं काढा. 'घडामोडी' म्हटलं की वाचणारा त्या कोणत्या हे शोधू लागतो. प्रकृतीचं कारण राजीनाम्यात लिहिलेलं असलं, तरी त्यांना विचारल्याशिवाय ते फलकावर लावायचं नाही. लिहिलेलं नसेल तर तो तुमचा तर्क झाला. 'संबंध नाही' हे सर्वांत घातक, कारण ज्याला शेऱ्याची कल्पनाही नव्हती त्याला तुम्हीच ती दिली. शिवाय चौकशी व्हायची असताना संबंध आहे किंवा नाही, दोन्ही कुणालाच म्हणता येत नाही. आणि आता पारदर्शक होईल म्हणजे आजवर नव्हता, असा अर्थ निघतो.

इतवारीवाला: म्हणजे सगळं लपवूनच ठेवायचं का राजेहो? वर्गणी आम्ही भरतो. कारण नाही सांगितलं तर पानठेल्यावर लोक स्वतःच कारणं बनवून राहतात. मी तर म्हणतो, शेरा आहे हे सरळ लिहा.

धंतोलीची सभासद: अफवांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण शेरा म्हणजे ठपका नव्हे. कित्येकदा नुसतं व्हाउचर जोडायचं राहिलेलं असतं. नाव आणि शेरा एकाच कागदावर आले की वाचणाऱ्याच्या लेखी निकाल लागला. त्या माणसाला फलकावर उत्तर देता येत नाही, आमसभेत देता येतं. शेरा तिथे कागदांसकट मांडा.

माजी कोषाध्यक्ष: माझं मत, अजून काहीच लावू नका. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत बदल झाला असं म्हणताच येत नाही.

धंतोलीची सभासद: इथे थोडी गफलत होते आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो कळवायचा असतो. बदल सभेतल्या ठरावानेच होतो. नोंद मंजूर व्हायला पुढे बराच काळ जाऊ शकतो. तोवर सभासदांनी अनामत कुणाकडे मागायची? मात्र तुमची सावधगिरी एका जागी हवीच: सूचनेतला शब्द इतिवृत्ताशी जुळला पाहिजे. तिथे 'राजीनामा स्वीकारला' असेल तर इथे 'पदमुक्त केले' चालणार नाही. पुढे वाद झाला की दोन्ही कागद शेजारी ठेवले जातात.

मानेवाड्याहून: आमच्या फ्लॅट सोसायटीचे सचिव गेले तेव्हा ग्रुपवर 'हकालपट्टी' लिहिलं होतं, अजून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. बँकेतली सही बदलायला पण याच आयुक्तांकडे जायचं का?

माजी कोषाध्यक्ष: नाही, गृहनिर्माण संस्था सहकार खात्याच्या निबंधकांकडे येतात. सहीसाठी ठरावाची प्रत घेऊन आधी बँकेत विचारा.

धंतोलीची सभासद: महालकर, हा मसुदा बघा. तारखा आणि बालविभागाची माहिती तुमच्या नोंदींवरून घाला:

'संस्थेच्या सचिवांनी दिलेला राजीनामा कार्यकारिणीने दि. __ च्या सभेत स्वीकारला. ते __ सालापासून या पदावर होते. त्यांच्या कार्यकाळात बालविभाग सुरू झाला. त्याबद्दल संस्था त्यांची आभारी आहे. पुढील निवडीपर्यंत सहसचिव हे काम पाहतील. सभासदत्व व अनामतीविषयी त्यांच्याशी कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा.'

लावण्याआधी जुन्या सचिवांना एकदा दाखवा. परवानगीसाठी नव्हे, एखादी तारीख चुकली असेल तर त्यांनाच आधी कळेल.

इतवारीवाला: यात आमसभा कुठंय? कधी तेही सांगायचं नाही, मग आम्ही विचारायचं कुठं?

धंतोलीची सभासद: हे राहिलंच होतं. शेवटी घाला: 'वार्षिक हिशेब व लेखापरीक्षण अहवाल दि. __ च्या आमसभेत मांडला जाईल.' दरवर्षी मांडावाच लागतो, त्यामुळे त्यातून वेगळा अर्थ निघत नाही.

इतवारीवाला: हे पटलं. पण ते आभार नाही पटत. उद्या बिलं खोटी निघाली तर? आभार मानणं म्हणजे आधीच क्लीन चिट देणं झालं ना.

धंतोलीची सभासद: म्हणूनच 'निष्ठेने', 'निःस्वार्थपणे' असलं काही लिहिलेलं नाही. चांगुलपणाचा अंदाजही अंदाजच. बालविभाग सुरू झाला, हे बिलांचं काही झालं तरी खोटं ठरत नाही.

माजी कोषाध्यक्ष: मी इतवारीवाल्यांच्या बाजूने. बालविभागाचं वाक्य राहू द्या, आभार चौकशीनंतर.

महालकर: आभार वगळले तर ज्यांनी मुलांसाठी इतकं केलं त्यांना ते लागेल, आणि वाचणाऱ्यांना त्यातूनही संशय येईल. मला ते ठेवावंसं वाटतं. दोन्ही मसुदे कार्यकारिणीपुढे ठेवतो. तारखा आजच इतिवृत्तातून काढतो.