बासुंदी बाधली की पोटाची साथ? तुमचे अनुभव सांगा

कोथरूडची_काकू: आज फ्रीजमधून बासुंदीचं पातेलं काढलं आणि भाचीचं डोहाळजेवण आठवलं. पंगत दुपारी १ ला. साडेचारला मला मळमळ, पाचला उलट्या, सहापर्यंत फोनवर फोन: नणंद, तिची सून, शेजारचे आजोबा. सात जण, सगळे बासुंदी घेतलेले. जाऊबाईंना डायबेटिस, त्यांनी घेतली नव्हती, त्या ठणठणीत. ताप कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मऊ भात खाल्ला. यांचं अजून तेच, "साथ होती." तुम्ही कसं ओळखता?

सदाशिव_पेठी: सोप्पंय. ताप आला तर व्हायरल, नाही आला तर फूड पॉयझन. पुढचा प्रश्न?

लॅबवाली_मावशी (निवृत्त): अर्धंच बरोबर. साल्मोनेला अन्नातूनच येतो आणि सणसणीत ताप आणतो. काकू, तुमच्या साडेतीन तासांत जंतू पोटात वाढून त्रास द्यायला वेळच नव्हता. विष बासुंदीतच तयार होतं, बहुधा स्टॅफचं. आटवल्यावर कुणाचा तरी हात लागला आणि पातेलं तासन्तास बाहेर राहिलं की होतं. परत उकळलं तर जंतू मरतात, विष तसंच. असा त्रास अर्ध्या ते आठ तासांत सुरू होतो, बहुतेकदा दिवसभरात आटोपतो.

दोन_पोरांची_आई: आमच्याकडे रविवारी रात्री लेक, मंगळवारी मी, बुधवारी सासूबाई. प्रत्येकीला दोन-दोन दिवस, थोडी कणकण. मी पाणीपुरीवाल्याला शिव्या घालत होते. सासूबाईंनी जन्मात पाणीपुरी खाल्लेली नाही 🤦‍♀️

लॅबवाली_मावशी: ही साथ. एकदम नाही, एकामागून एक. नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास लागतात. सॅनिटायझरवर भरवसा नको, साबणानं हात धुवा.

भूषण_वाकड: मला रोज जेवल्यावर छातीत जळजळतं, हे पण पॉयझनच का?

सदाशिव_पेठी: भूषणराव, रोज? मग स्वयंपाक कोण करतं ते आधी सांगा.

हिंजवडीकर: आमचं कोडं सोडवा. शुक्रवारी रात्री ऑफिसची पार्टी, शनिवारी रात्री नऊ जण आडवे. सोमवारी बायको. ती पार्टीला नव्हतीच.

लॅबवाली_मावशी: दोन्ही असू शकतं. वाढणाऱ्याच्या हातून व्हायरस अन्नात, तिथून तुम्ही, तुमच्याकडून घरी. शौचाची तपासणी केल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

धायरीकर: २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडला जीबीएस आलं तेव्हापासून पाणी उकळूनच. जुलाब थांबल्यावरही पायात मुंग्या आल्या, बळ गेलं तर घरी बसू नका.

दोन_पोरांची_आई: लेकीला ओआरएस कपानं दिलं की लगेच बाहेर. चमच्याचमच्यानं दिलं तेव्हा राहिलं. सहा-सात तास लघवीच नाही म्हणून डॉक्टरकडे पळालो. कुकर झाला, आले.

सदाशिव_पेठी: काकू, आजच्या पातेल्याचं काय केलंत?

कोथरूडची_काकू: चार दिवसांची होती, टाकणारच होते. एवढं टाइप करेपर्यंत यांनी वाटीभर खाल्ली. आत्ता ६:१० झालेत, लिहून ठेवलंय.