मदत हवी आहे: भाच्याला एसएसपीईचा संशय, पाठीतलं पाणी काढू द्यावं का?

चेंबूरची आत्या

भावाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, मानखुर्दला राहतो. दिवाळीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असायचा. मग अक्षर बिघडलं, पाढे विसरायला लागला, छोट्याशा गोष्टीवरून रडू लागला. शाळेतल्या बाईंना वाटलं लक्ष नाही, आम्हाला वाटलं मोबाईलचा परिणाम. संक्रांतीनंतर हातातल्या वस्तू पडायला लागल्या. जेवताना मान एकदम खाली जाते, चमचा उडतो, आणि तो लगेच पुन्हा जेवायला लागतो. शुद्ध हरपत नाही. उभा असला तर गुडघे वाकून खाली बसतो. झोपला की काहीच होत नाही.

आधी फिटचं औषध सुरू झालं, फरक नाही. आता मोठ्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या लहरींचा आलेख, ईईजी काढला. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी गोवर आला होता का?" फाईलमध्ये कुठेच नोंद नाही. पण माझ्या आईला पक्कं आठवतंय, तो आठ महिन्यांचा असताना ताप आला, डोळे लाल झाले, कानामागून पुरळ सुरू होऊन अंगभर पसरला. तेव्हा घरात कडुलिंबाचा पाला टांगला होता आणि दवाखान्यात नेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात नवव्या महिन्याची लसही दिली.

डॉक्टर म्हणतात एसएसपीईची, म्हणजे गोवरानंतर काही वर्षांनी मेंदूला होणाऱ्या आजाराची शक्यता आहे, पाठीतलं पाणी काढून गोवराची तपासणी करायची. एमआरआय मात्र नॉर्मल आला. वहिनीचे वडील म्हणतात, पाठीत सुई टोचली की पाय जातात. भाऊ सही करायला तयार नाही. माझे प्रश्न दोन. पाणी काढणं खरंच गरजेचं आहे का? आणि धाकटी बहीण चार वर्षांची आहे, तिला हे लागू शकतं का? चाळीत कुजबुज सुरू झाली आहे.

विक्रोळीचा नाना

आत्या, घाई करू नका. एमआरआय नॉर्मल म्हणजे मेंदू ठीक आहे. आणि तपासायचंच असेल तर रक्तात गोवराच्या अँटीबॉडी बघता येतात, कुठल्याही लॅबमध्ये होतं. लहान मुलाच्या कंबरेत सुई कशाला? मला तर लसीचाच प्रकार वाटतो. नवव्या महिन्याला दिली असं तुम्हीच लिहिलंय.

परळकर (निवृत्त ईईजी तंत्रज्ञ)

नाना, रक्तात अँटीबॉडी बघता येतात हे खरं, पण या मुलाच्या बाबतीत त्या रिपोर्टवरून काहीच ठरणार नाही. गोवर आलेल्या किंवा लस घेतलेल्या बहुतेक मुलांच्या रक्तात त्या असतातच. या मुलाला तर दोन्ही झालंय, तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह येणारच.

पाठीतल्या पाण्याची गोष्ट निराळी. रक्तातल्या अँटीबॉडी तिथे अगदी थोड्या झिरपतात, रक्तापेक्षा शेकडो पटींनी कमी. या आजारात गोवराचा विषाणू मेंदूतच ठाण मांडून बसलेला असतो आणि अँटीबॉडी तिथेच तयार होत असतात. त्यामुळे पाण्यातलं प्रमाण जितकं असायला हवं त्याच्या खूप वर जातं. म्हणून रक्त आणि पाणी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन्ही एकाच लॅबला द्यायचं, म्हणजे त्यांची तुलना करता येते. आत्या, एवढं नक्की विचारून घ्या. मुंबईत ज्या लॅबला देतील ती दोन्हींचं गुणोत्तर काढून देते का, की फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहिते? नुसत्या पॉझिटिव्हवर समाधान मानू नका.

आता ईईजीबद्दल. तुमच्या रिपोर्टमध्ये "पिरिऑडिक कॉम्प्लेक्सेस" लिहिलं असेल. माझ्या टेबलवर अशी मुलं झोपायची तेव्हा कागदावर साध्या लाटा चाललेल्या असायच्या, आणि पाच-सहा सेकंदांनी एक मोठा, ठसठशीत आकार उमटायचा. पुन्हा पाच-सहा सेकंद साधं, पुन्हा अगदी तोच आकार. त्याच क्षणी मुलाचा खांदा किंवा मान खाली जायची. अंतर चारापासून दहा-पंधरा सेकंदांपर्यंत असू शकतं, पण एका मुलात ते बऱ्यापैकी ठरलेलं असतं. फिटच्या आजारात एवढी शिस्त दिसत नाही. डॉक्टर कधी शिरेतून डायझेपाम देऊन बघतात. फिटचे आकार त्याने दबतात, हे मात्र तसेच राहतात.

तुम्ही घरी एक करा. तो जमिनीवर सतरंजीवर बसलेला असताना दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, मान, हात, पाय सगळं दिसेल असा. नंतर बघताना दोन झटक्यांमधले सेकंद मोजून कागदावर लिहा. ओपीडीत डॉक्टरांसमोर मूल नेमकं शांत बसतं, तेव्हा हा व्हिडिओ कामी येतो.

आणि नाना, एमआरआय सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातले बदल पुष्कळदा नंतर दिसतात, बहुतेक वेळा मागच्या बाजूला आधी.

बाळाची आई, भांडुप

माझ्या बाळाच्या अंगावर कालपासून लाल पुरळ आहे, ताप उतरलाय. गोवरच असेल का? हे वाचून भीती वाटते आहे. आत्ताच मेंदूचा ईईजी काढून ठेवू का?

परळकर

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्याला ईईजीचा उपयोग नाही. गोवरात ताप आणि पुरळ बरोबर असतात. ताप उतरल्यावर पुरळ उठतो तो बहुतेक दुसऱ्याच साध्या विषाणूचा. तरी बालरोगतज्ज्ञांना आजच दाखवा. गोवर निघाला तर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो चुकवू नका.

नवी मुंबईचा निवासी डॉक्टर

परळकर काकूंनी चाचणीचं नीट सांगितलं. मी लस आणि वेळ याबद्दल लिहितो.

एसएसपीईच्या मुलांच्या मेंदूतून जेव्हा जेव्हा विषाणू वेगळा करून तपासला, तेव्हा तो रानटी गोवराचाच निघाला आहे, लसीचा नाही. गोवर होऊन गेल्यावर महिन्याभराने दिलेल्या लसीने हा आजार झाला नाही, पण तोवर आत शिरलेला विषाणू ती बाहेरही काढू शकत नाही. दोष आहे तो आठव्या महिन्याच्या गोवराचा. सगळ्यात जास्त धोका दोन वर्षांखालच्या, त्यातही पहिल्या वर्षातल्या गोवराचा असतो. त्या वयात बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते, विषाणू पेशींमध्ये लपून राहतो. त्याच्यात असे बदल होतात की तो पूर्ण नवा विषाणू बांधून बाहेर सोडू शकत नाही, एका पेशीतून दुसरीत सरकत राहतो. लक्षणं दिसेपर्यंत बहुधा सहा ते दहा वर्षं जातात. तुमच्या भाच्याचं गणित त्यात अगदी बसतं.

यातच धाकटीचं उत्तर आहे. बाहेर सुटणारा विषाणूच नाही, त्यामुळे या मुलापासून कोणालाही गोवर लागत नाही, एसएसपीईही नाही. एकत्र जेवू द्या, झोपू द्या. तिच्या एमआर म्हणजे गोवर-रुबेला लसीचे दोन्ही डोस झालेत का एवढं कार्डावर बघा, नववा महिना आणि साधारण दीड वर्ष. राहिला असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात द्या. गोवंडी-मानखुर्दकडे २०२२ ला गोवराची मोठी साथ आली होती, लहान मुलं दगावलीही. तिथल्या आशाताईंना हे सगळं माहीत असतं.

पाठीची सुई: मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात, त्यामुळे पाय जाण्याची भीती नको. एक-दोन दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते. काही मिलिलिटरच पाणी घेतात. एमआरआय आधीच झालाय, हे बरं झालं, मेंदूत दाब किंवा गाठ नाही हे कळलं. आणि मुद्दा फक्त एसएसपीई सिद्ध करण्याचा नाही. शाळेत मागे पडणारं, झटके येणारं मूल म्हणजे रोगप्रतिकारशक्तीमुळे होणारी मेंदूची सूज असू शकते, तांबं साठण्याचा विल्सनचा आजार असू शकतो. या दोन्हींवर औषध आहे. सही न केल्याने तेच हातातून निसटतील.

विक्रोळीचा नाना

लसीबद्दल मी चुकीचं ऐकलं होतं, मान्य. पण हे तर सांगा, एसएसपीईवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असतात ना? त्यांनी बरं होतं असं एका नातेवाईकाने सांगितलं.

नवी मुंबईचा निवासी डॉक्टर

बरं होतं असं म्हणता येणार नाही. आयसोप्रिनोसिन नावाच्या गोळ्या आहेत. वजनाच्या किलोमागे रोज १०० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम. भाचा २५ किलोचा असेल तर ५०० मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या, दिवसभरात वाटून. युरिक ॲसिड वाढतं, म्हणून मधूनमधून रक्त तपासतात. इंटरफेरॉन मेंदूच्या पोकळीत सोडावं लागतं, त्यासाठी टाळूखाली छोटी टाकी बसवतात, तिथे जंतुसंसर्गाचा धोका असतो. फक्त गोळ्या विरुद्ध गोळ्या अधिक इंटरफेरॉन अशी तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांचा आजार थांबला किंवा थोडा सुधारला, फरक दिसला नाही. औषध न देताही काही थोड्या मुलांचा आजार मधेच थांबतो. त्यामुळे सगळे डॉक्टर एकाच मताचे नाहीत. मी तरी टाकी बसवण्याआधी दोनदा विचार करेन.

कल्याणहून एक आई

आत्या, माझी मुलगी याच आजाराची आहे. निदान झालं तेव्हा तीही अशीच गुडघ्यांवर कोसळायची. आमच्याकडे बाकीच्या औषधांनी काही झालं नाही, कार्बामाझेपिन सुरू केल्यावर झटके खूप कमी झाले आणि ती परत स्वतःच्या हाताने जेवू लागली. काही महिने तसे मिळाले. आजार थांबला नाही, आता ती बोलत नाही, अंग ताठ झालंय. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण झटके कमी असलेले ते दिवस आम्हाला फार मोलाचे होते, म्हणून त्या औषधाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आत्तापासून करण्यासारखं: पाण्याच्या बादलीपाशी, गॅसपाशी, जिन्यात एकट्याला सोडू नका. पुढे पातळ पदार्थाने ठसका लागायला लागला की लगेच सांगा, आमच्याकडे तिथूनच न्यूमोनिया झाला होता. आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची माहिती आताच घ्या, त्याला वेळ लागतो.

चेंबूरची आत्या

कल्याणच्या ताई, तुमचं वाचून रडू आलं, आणि तरी बरं वाटलं की खरं सांगितलंत. व्हिडिओ काढला. झटक्यांमध्ये सहा, सात, सहा, सहा, सात सेकंद आले. भावाने तो स्वतः मोजला आणि सही केली. मंगळवारी पाणी काढणार, रक्तही त्याच दिवशी. लॅब गुणोत्तर देते का ते अजून कळलं नाही, उद्या विचारते. धाकटीचा दुसरा डोस कार्डावर दिसत नाही, तिला गुरुवारी नेते.

एक राहिलं. नजरेचं विचारायचं होतं. तो पुस्तक अगदी तिरकं धरून बघतो. याचा संबंध आहे का?

परळकर

असू शकतो. काही मुलांत डोळ्याच्या पडद्याला आधीच इजा झालेली असते. मंगळवारी दाखल असतानाच नेत्रविभागाला बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा, आणि तिरकं धरतो हे केसपेपरवर लिहायला लावा.