मोरीच्या जाळीवरचे केस: किती गळाले तर काळजी करायची? अनुभव सांगा

सुमेधा, कोथरूड
सुरुवात मीच करते. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, पंधरा दिवसांत कामालाही लागले. दिवाळीत अभ्यंगस्नान करताना मोरीत पाणी तुंबलं म्हणून पाहिलं, तर जाळीवर केसांचा पुंजका! घाबरले. मग आठवडाभर उशीवरचे, कंगव्यातले, न्हातानाचे सगळे केस एका पिशवीत साठवले आणि रविवारी वर्तमानपत्रावर पसरून मोजले. १,४८० भरले, म्हणजे रोजचे दोनशेच्या वर. रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचं, असं डॉक्टर म्हणाल्या. ताप किती तारखेला आला होता, हे त्यांनी सगळ्यात आधी विचारलं. मोठ्या तापात बरेच केस एकदमच वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच सुटतात. त्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. फेरिटिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. फेब्रुवारीत पुन्हा आठवडाभर मोजले, रोजचे नव्वदच्या आसपास आले. भांगाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिलेत, ते चापूनचोपून बसवले तरी बसत नाहीत.

प्रकाश, वाघोली
आमच्याकडे सगळा दोष टँकरच्या पाण्याचा आहे. जड पाण्यानं केस मुळापासून उपटून येतात. माझ्या केसांच्या टोकाला पांढरं मूळ दिसतं, मी स्वतः पाहिलंय. फिल्टर बसवा, केस थांबतील.

नलिनीताई, निवृत्त परिचारिका
प्रकाशभाऊ, मी बावीस वर्षं त्वचेच्या ओपीडीत होते. जड पाण्यानं केस राठ होतात आणि मधूनच तुटतात, तेवढं तुमचं बरोबर. पण तुटलेल्या केसाला टोकाशी काहीच नसतं. तुम्ही पाहिलेला पांढरा दाणा म्हणजे मूळ नव्हे. मुदत संपून आपसूक सुटलेल्या केसाला तो असतोच. मूळ कातडीतच राहतं आणि तिथूनच नवा केस येतो.
घरी एवढं करून पाहा. एक दिवस न्हाऊ नका. मग पन्नास-साठ केसांची बट कातडीजवळ चिमटीत धरून टोकापर्यंत हलकेच ओढत न्या. डोक्यावर तीन-चार ठिकाणी असं करा. दर वेळी एक-दोन आले तर ठीक. सहाच्या वर येत राहिले तर दाखवून घ्या. आणखी एक, आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्यांचे मधल्या दिवसांत सुटलेले केस त्या दिवशीच निघतात. नुसता तो पुंजका बघून घाबरू नये.

ओंकार, सदाशिव पेठ
माझं केस गळण्याचं नाही, कोंड्याचं आहे. काळा शर्ट घालायची सोय नव्हती. आजीच्या सांगण्यावरून रात्री खोबरेल तेल आणि लिंबू चोळायचो. खाज वाढली, लिंबानं आग व्हायची ती वेगळीच. डॉक्टर म्हणाले, कोंडा वाढवणारी बुरशी डोक्याच्या तेलकटपणावरच जगते, तू तिला रोज वाढतोयस. २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू दिला. पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही, कारण मी लावला की लगेच धुवायचो. नंतर नीट केलं: भांग पाडत बोटांनी कातडीला लावायचा, मोबाइलवर पाच मिनिटं लावून थांबायचं, मग धुवायचं. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. कोंडा गेला म्हणून बंद केला, तर दीड महिन्यात परत आला. आता दहा-बारा दिवसांतून एकदा लावतो.

कुसुमकाकू, चिंचवड
पण आम्ही जन्मभर तेल लावलं! माझी वेणी अजून जाड आहे.

नलिनीताई
काकू, कोंडा नसेल तर खुशाल लावा. असेल तर केसांच्या लांबीला लावा, कातडीवर रात्रभर मुरवू नका. आणि पापुद्रे जाड, चंदेरी असतील, कपाळावर उतरत असतील किंवा कोपरावरही असतील, तर तो साधा कोंडा नसेलही. तिथे घरचे उपाय नकोत.

मेघना, हडपसर
माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा आहे. कोंडा आहे, केस बुडाशी तुटलेत. ओंकारचा शाम्पू लावू का?

नलिनीताई
नुसत्या शाम्पूवर राहू नका, ह्याच आठवड्यात दाखवा. लहान मुलांत असा चट्टा बहुतेक वेळा नायट्याचा असतो, त्याला पोटातून औषध लागतं. त्याचा कंगवा, टॉवेल, टोपी वेगळी ठेवा. जागा अगदी गुळगुळीत असती तर चाई म्हटली असती. दोन्हींत डॉक्टरांनी पाहायलाच हवं.

वैशाली, बिबवेवाडी
मला ताप नाही, बाळंतपण नाही. जाळीवर केसही फार नसतात. पण भांग वर्षभरात रुंद झालाय, आईचाही असाच होता. मोजून काय कळणार?

नलिनीताई
वैशाली, तुझ्या बाबतीत मोजणं उपयोगाचं नाही. इथे केस संख्येनं कमी गळतात, पण नवा येणारा बारीक येतो. एकाच खिडकीपाशी, ओले नसताना, भांगाचा दर महिन्याला फोटो काढ. तीन महिने थांबायचीही गरज नाही, पहिला फोटो घेऊनच डॉक्टरांकडे जा.

वैशाली
आजच काढते. आईच्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं.